अक्षता पडल्या, पण लग्न लागलं का?

(नातेपुते येथे परिसरातील महिला मंडळांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलायला सुरुवात करण्याआधी मी मघाशी तुम्हाला हात वर करायला सांगितले. लग्नात नवऱ्याबरोबर सात पावलं टाकल्याचं किती जणींना आठवतं, एवढंच विचारलं होतं. निम्मे हातसुद्धा वर आले नाहीत. काही जणी शेजारणीला विचारत होत्या, "सप्तपदी म्हंजी आपलं ते होमाभवती फिरणं का?" एक मावशी म्हणाल्या, "आमच्यात तसलं काय नसतं बाई. अक्षता पडल्या, लगीन लागलं."

मावशींचं म्हणणं समाजाच्या दृष्टीनं सोळा आणे खरं आहे. अक्षता पडल्या की गाव लग्न मानतं. आज मला बोलायचं आहे ते कोर्ट काय मानतं त्याबद्दल. या दोन्हींमध्ये जी फट आहे तिच्यातून आजवर कितीतरी नवरे सुटून गेले आहेत, आणि बायका मात्र अडकल्या आहेत.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम अगदी छोटं आहे. नवरा किंवा नवरी, दोघांपैकी कुणाच्याही रूढीप्रमाणे जे विधी असतील त्या विधींनी लग्न लावता येतं, असं ते सांगतं. पुढं म्हणतं की त्या विधींमध्ये सप्तपदी असेल, तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होतं. म्हणजे कायद्यानं सगळ्यांवर सप्तपदी लादलेली नाही. तुमच्या रूढीत असेल तर ती हवी. नसेल तर तुमच्या रूढीत जे आहे ते हवं. मंगळसूत्राचं नाव त्या कलमात नाही, कुंकवाचं नाही, कन्यादानाचंही नाही. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे.

वाचायला हे किती उदार वाटतं! अडचण येते ती "रूढी" या शब्दापाशी. रूढी म्हणजे काय हे तिसऱ्या कलमात सांगितलं आहे. ती सतत, एकसारखी आणि दीर्घकाळ पाळली गेलेली पाहिजे. आणि "आमच्यात असं चालतं" एवढं म्हणून भागत नाही. ज्याला रूढीचा आधार घ्यायचा आहे त्यानं ती पुराव्यानं शाबीत करावी लागते.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो ते आपल्या महाराष्ट्रातल्याच एका खटल्यावरून कळतं. भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य. सुप्रीम कोर्टानं १ फेब्रुवारी १९६५ ला त्याचा निकाल दिला. द्विभार्येचा कुठलाही खटला आजही या निकालापासून सुरू होतो, म्हणून तो जरा सावकाश सांगते.

या माणसाचं पहिलं लग्न १९५६ च्या सुमाराला झालेलं होतं. पहिली बायको हयात असताना १९६२ च्या फेब्रुवारीत त्यानं दुसरं लग्न केलं. केलं ते गांधर्व पद्धतीनं. आपल्याकडे अनेक जातींत पाट, मोहतूर, गंधर्व अशी नावं असलेली साधी लग्नं पूर्वीपासून आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. खालच्या कोर्टानं त्याला दोषी धरलं. त्याच्याबरोबर मदत केल्याबद्दल आणखी एकाला दोषी धरलं. सेशन्स कोर्टात अपील फेटाळलं गेलं, हायकोर्टातही काही झालं नाही. तिन्ही ठिकाणी बाई जिंकली म्हणायला हरकत नाही. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं.

तिथं न्यायाधीशांनी साक्षीदारांच्या जबान्या वाचल्या. साक्षीदारांनी सांगितलं होतं की रात्री दहाच्या सुमाराला लग्न झालं. पाट मांडले, सतरंजी अंथरली. एका पाटावर तो बसला, दुसऱ्यावर ती. एकानं तांब्या आणून त्यावर विड्याची पानं आणि नारळ ठेवून पूजा केली. दोन हार आणले, दोघांनी एकमेकांच्या गळ्यात घातले. मग कपाळाला कपाळ लावलं. झालं लग्न.

आता उलटतपासणी ऐका. आरोपीच्या वकिलानं साक्षीदाराला विचारलं, गांधर्व देवळातच लावावं लागतं ना? साक्षीदार म्हणाला, नाही. ब्राह्मण लागतो ना? नाही, लागत नाही. मंगलाष्टका म्हणतात ना? नाही, आमच्यात लागत नाहीत, आणि या लग्नात ब्राह्मणही बोलावला नव्हता, मंगलाष्टकाही झाल्या नाहीत. साक्षीदाराला वाटत होतं की आपण बाईची बाजू बळकट करतो आहोत. "आमच्यात हे लागतच नाही, म्हणून हे नसलं तरी लग्न खरंच आहे," असं तो प्रामाणिकपणे सांगत होता. वकील मात्र एकेक "नाही" गोळा करत होता.

सुप्रीम कोर्टानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी की कायद्यात दुसरं लग्न "विधिपूर्वक लागलेलं" असलं तर गुन्हा होतो. नवराबायको म्हणून राहायला लागायचं या हेतूनं काहीतरी चार गोष्टी केल्या, एवढ्यानं लग्न विधिपूर्वक लागत नाही. ब्राह्म असो की गांधर्व, धर्मशास्त्राप्रमाणे दोन विधी आवश्यक आहेत, अग्नीसमोर होम आणि सप्तपदी. इथं दोन्ही झालेले नाहीत. दुसरी गोष्ट, हे दोन विधी तुमच्या जातीत रूढीनं वगळले गेले आहेत असं म्हणायचं असेल तर तसा पुरावा पाहिजे, आणि तो नाही. साक्षीत एवढंच आलं होतं की अशी लग्नं गेली पाच-सात वर्षं होत आहेत. पाच-सात वर्षं म्हणजे दीर्घकाळ नव्हे. सबब दुसरं लग्न शाबीत नाही. आरोपी सुटले.

या निकालाकडे मी दोन्ही बाजूंनी बघते. फौजदारी खटल्यात गुन्ह्याचा प्रत्येक भाग सिद्ध झालाच पाहिजे, हे तत्त्व मला मान्य आहे. तेच तत्त्व उद्या आपल्या एखाद्या भावाला, मुलाला खोट्या आरोपातून वाचवतं. पण याचा परिणाम बघा. पहिली बायको असताना केलेलं दुसरं लग्न कायद्यानं तसंही रद्दबातलच असतं. जे लग्न मुळातच रद्द आहे ते सगळ्या विधींसकट, शास्त्रशुद्ध लावलं तरच नवरा गुन्हेगार, आणि त्यानं घाईघाईत अर्धवट लावलं तर तो निर्दोष! अडाणी नवऱ्याला हे माहीत नसतं. शहाणा नवरा वकिलाला विचारून दुसऱ्या लग्नात होम टाळतो.

हे सगळं जुन्या काळातलं नाही. आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईची हकीकत सांगते. तिचं नाव, गाव सांगत नाही. तिचा नवरा उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर. दोन मुली झाल्या, म्हणून सासूनं मुलासाठी दुसरी बघितली. लग्न एका देवळात पहाटे लागलं. बाईच्या चुलतभावाला कुणकुण लागली, तो मोटारसायकलवरून गेला, आणि हार घालताना त्यानं मोबाईलवर दोन फोटो काढले. गावात सगळ्यांना माहीत. दुसरी घरात नांदायला आली, हळदीकुंकवाला बायका गेल्या. ही बिचारी फोटो घेऊन पोलीस स्टेशनला गेली.

पोलिसांनी सांगितलं की हा अदखलपात्र गुन्हा आहे, तुम्ही कोर्टात जा. ते बरोबरच होतं. पूर्वी भारतीय दंड संहितेचं ४९४ कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ८२ वं कलम आहे. शिक्षा तीच, सात वर्षांपर्यंत. पहिलं लग्न लपवून दुसरीला फसवलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. पण तक्रार बाईनं स्वतः, किंवा तिच्या वतीनं आईबाप, भाऊ-बहीण अशा नात्यातल्या माणसानं, थेट न्यायदंडाधिकाऱ्यासमोर करायची असते. म्हणजे पंचनामे करायला, साक्षीदार शोधायला पोलीस नाहीत. पुरावा बाईनंच गोळा करायचा.

तो कसा उभा राहिला बघा. आधी नवऱ्याच्या वकिलानं पहिल्या लग्नालाच हात घातला. "तुमचंच लग्न विधिवत झालं होतं हे दाखवा." बाई थक्क झाली. पण कायद्यानं तेही शाबीत करावं लागतं, आणि तेवढ्याच काटेकोरपणे. सुदैवानं पत्रिका होती, लग्न लावणारे गुरुजी हयात होते, आणि होमाच्या वेळी मामा शेजारी बसलेला होता. मामानं नीट सांगितलं. मग चुलतभावाची साक्ष. हार घातलेले बघितले? हो. अग्नी होता? मी गेलो तेव्हा नव्हता. सप्तपदी झाली? बघितली नाही. तुम्ही किती वेळ होता? पाच-दहा मिनिटं, मला हाकललं. देवळाच्या पुजाऱ्याला साक्षीला बोलावलं, तो म्हणाला लोक दर्शनाला आले होते, हार देवाला घालायचे होते. त्या फोटोंबरोबर लागणारं प्रमाणपत्रही कुणी जोडलेलं नव्हतं. नवरा सुटला.

बाई मला म्हणाली, "ताई, समदं गाव सांगंल की त्यानं लगीन केलंय. मग कोर्टाला का कळंना?"

याचं उत्तर पुरावा कायद्यातच आहे, आणि ते आपल्याला कुणी सांगत नाही. आप्तस्वकीय एखाद्या जोडप्याला नवराबायको मानून वागत असतील, तर ते वागणं नात्याचा पुरावा म्हणून कोर्ट घेऊ शकतं. पण त्याच कलमाला एक शेपूट जोडलेलं आहे. द्विभार्येच्या खटल्यात एवढ्यावर लग्न शाबीत धरायचं नाही. १८७२ च्या जुन्या कायद्यात हे ५० वं कलम होतं, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तसंच आहे. म्हणजे गावाचं मत या एका ठिकाणी मुद्दाम अपुरं ठरवलेलं आहे. नवऱ्याच्या कबुलीचंही तसंच. १९६५ आणि १९७१ च्या दोन निकालांत सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दुसरं लग्न केल्याचं आरोपीनं कुठं कबूल केलं असलं, तरी तेवढ्यानं विधी झाल्याचं शाबीत होत नाही. दुसरीला मूल झालं, शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव लागलं, रेशनकार्डावर तिचं नाव चढलं, तरी या खटल्यापुरतं ते पुरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग बघायचं तरी काय? मी लग्नांना गेले की हल्ली माझं लक्ष भलतीकडेच असतं. आपल्या लग्नांचा क्रम आठवा. अंतरपाट धरतात, मंगलाष्टका होतात, "शुभमंगल सावधान" झालं की अक्षता पडतात, वाजंत्री वाजतं. आणि त्याच क्षणी वऱ्हाड उठून पंगतीला पळतं. होम, लाजाहोम, तांदळाच्या सात राशींवरून सप्तपदी हे सगळं त्यानंतर, मांडवाच्या कोपऱ्यात, गुरुजी, नवरानवरी आणि चार म्हाताऱ्या एवढ्यांच्या समोर. फोटोवालासुद्धा तेव्हा जेवत असतो. म्हणजे पाचशे माणसं जे बघतात ते शोभेचं, आणि कायदा ज्याला लग्नाचा प्राण समजतो ते बघायला कुणी नसतं. आपल्या जवळच्या शिखर शिंगणापूरला चैत्रात शंभू महादेवाचं आणि पार्वतीचं लग्न लागतं, त्या लग्नाला साक्षीदारांची वाण नाही. माणसांच्या लग्नाला मात्र ती पडते.

ज्यांच्या रूढीत होम नाहीच, त्यांना मी असं सांगते की "आमच्यात होम नसतो" एवढ्यावर थांबू नका. लोखंडे प्रकरणात साक्षीदार तिथंच थांबला. पुढचं सांगायला हवं होतं. आमच्या जातीत लग्न कशानं लागतं, कुठल्या क्षणी लागलं असं धरतात, माझ्या आजीचं तसंच लागलं, आईचं तसंच लागलं, अमुक सालापासूनची अमुक लग्नं मी बघितली, जातीतल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना लग्न मानलं, वारसाहक्क मिळाले. अशी दोन-तीन पिढ्यांची उदाहरणं देणारे म्हातारे साक्षीदार लागतात. पाटाची रूढी तर फार जुनी आहे. इंग्रज अधिकारी आर्थर स्टील यानं दख्खनमधल्या जातींच्या चालीरीती लिहून काढल्या, ते पुस्तक १८२७ साली निघालं. त्यात पाटाची माहिती आहे. पण कोर्टाला पुस्तक दाखवायलाही कुणीतरी लागतं.

पाटाच्या बायकांची अडचण दुहेरी आहे. पाट पूर्वीपासून रात्री, गुपचूप, चार माणसांत लावायची रीत. विधवेच्या किंवा टाकलेल्या बाईच्या लग्नाला वाजंत्री कशाला, ही त्यामागची समजूत. समाजानं तिचं लग्न लपवून लावलं, आणि पुढं तिच्याकडेच साक्षीदार मागितले. शिवाय तिची आधीची काडीमोड झालेली असते. हिंदू विवाह कायद्यानं रूढीची काडीमोड मान्य ठेवली आहे, पण तीही शाबीत करावी लागते. तोंडी काडीमोड, तोंडी पाट. नवरा मेल्यावर दीर जमिनीच्या वेळी म्हणतो, "ही वहिनी नव्हेच, हिचा पहिला दादला जिता आहे." अशा दोन बायका मी याच तालुक्यात पाहिल्या आहेत. काडीमोडीचा कागद पंचांच्या सह्यांसह त्याच दिवशी करून घ्या, असं मी प्रत्येक मंडळात सांगते.

सत्यशोधक पद्धतीनं आणि बौद्ध पद्धतीनं लग्नं लावणाऱ्या मैत्रिणीही इथं आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी पहिलं सत्यशोधक लग्न लावलं. तेव्हा ही पद्धत आता नवी म्हणता येणार नाही. तरीही कोर्टात "ही रूढी आहे का" हा प्रश्न निघू शकतो. तामिळनाडूत पेरियार यांच्या स्वाभिमान लग्नांवर हाच घाव बसला होता. मद्रास हायकोर्टानं १९५३ मध्ये ती लग्नं कायदेशीर नाहीत म्हटलं. मग १९६७ मध्ये तिथल्या सरकारनं हिंदू विवाह कायद्यात ७-अ कलम घातलं. नातेवाईक, मित्रमंडळींसमोर एकमेकांना नवराबायको म्हणून स्वीकारल्याचं समजेल अशा भाषेत सांगणं, किंवा हार घालणं, अंगठी घालणं, ताली बांधणं, यातल्या एकानंही तिथं लग्न लागतं. महाराष्ट्रात तसं कलम नाही.

मुस्लिम भगिनींसाठी दोन वाक्यं. निकाहात इजाब आणि कबूल, एकाच बैठकीत, साक्षीदारांसमोर, हे मुख्य. होमासारखा विधी नाही, त्यामुळे भांडण विधीवर होत नाही, ते कागदावर होतं. निकाहनाम्याची प्रत काझीकडे राहते, बाईकडे नसते. ती त्याच दिवशी मागून घ्या, मेहरचा आकडा वाचून.

आता नोंदणीबद्दल. याबाबत सगळ्यात जास्त गैरसमज आहे. "आम्ही लग्न रजिस्टर केलंय, आता कोण काय करणार?" असं पुष्कळ जणी म्हणतात. महाराष्ट्रात १९९८ चा विवाह नोंदणीचा कायदा आहे. नमुना ड मध्ये माहिती भरून, नवराबायको, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारा यांच्या सह्यांनी ती द्यायची. गावात ग्रामसेवकाकडे हे काम असतं. नोंदणी जरूर करा, कारण लग्नाची तारीख, जागा, साक्षीदार, लावणारा हे सगळं एका कागदावर येतं, आणि पुढं तेच शोधत फिरावं लागतं. पण ही नोंदणी म्हणजे लग्न नव्हे. २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं देशभर नोंदणी सक्तीची करायला सांगितलं, तेव्हाच स्पष्ट केलं की नुसती नोंदणी म्हणजे वैध लग्नाचा पक्का पुरावा नाही. आणि १९ एप्रिल २०२४ च्या निकालात तर कोर्ट फार पुढं गेलं. एका जोडप्यानं कुठलाही विधी न करता एका संस्थेकडून लग्न लागल्याचं प्रमाणपत्र घेतलं, त्यावर सरकारी नोंदणीही करून घेतली. खरं लग्न नंतर थाटात करायचं ठरलेलं होतं, त्याआधीच बिनसलं. कोर्टानं सांगितलं की विधीच झाले नाहीत तर लग्नच झालं नाही, आणि प्रमाणपत्रं रद्दबातल ठरवली. इथं दोघांनाही सुटायचंच होतं, म्हणून कुणाचं नुकसान झालं नाही. पण एखाद्या मुलीला "आधी कागद करू, लग्न नंतर" असं सांगून कुणी नेत असेल, तर तिच्या हातात काय राहील याचा विचार करा.

याहून वेगळी गोष्ट म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा, ज्याला लोक कोर्ट मॅरेज म्हणतात. तिथं विधी लागतच नाही. तीस दिवसांची नोटीस, मग विवाह अधिकाऱ्यासमोर आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना स्वीकारल्याचं बोलायचं, सह्या करायच्या. त्याचं प्रमाणपत्र हा निर्णायक पुरावा असतो. आधी विधीनं झालेलं लग्नही पुढं या कायद्याखाली नोंदवता येतं. मात्र दोन्हीकडे एक अडचण सारखीच आहे, सही दोघांची लागते. टाकून दिल्यावर बाई एकटी जाऊन नोंदणी करू शकत नाही. जे करायचं ते नांदत असतानाच.

त्या ड्रायव्हरच्या बायकोचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. खटला हरल्यावर ती महिनाभर घराबाहेर पडली नाही. तिला वाटलं आपण बायकोच नाही असं कोर्टानं ठरवलं. तसं काही ठरलेलं नव्हतं. दुसरं लग्न शाबीत झालं नाही, एवढंच ठरलं होतं. आम्ही तिला समजावलं की विधींचा इतका काटेकोर पुरावा शिक्षेच्या खटल्यात मागतात. पोटगीच्या अर्जात तसा मागत नाहीत. जुन्या १२५ कलमाखाली, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ कलमाखाली, नवराबायको म्हणून राहत होतो हे दाखवलं की प्राथमिक पुरावा होतो. सुप्रीम कोर्टानं १९९९ मध्ये द्वारिकाप्रसाद सत्पथी प्रकरणात हेच सांगितलं आहे. जे रेशनकार्ड, जे शाळेचे दाखले, गावाचं जे मत तिकडं कुचकामी ठरलं, ते इकडं उपयोगी पडतं. दीर्घकाळ एकत्र राहिलेल्यांचं लग्न झालेलं आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं. १९७८ च्या बद्रीप्रसाद प्रकरणात पन्नास वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याच्या लग्नाचा पुरावा मागायला आलेल्यांना कोर्टानं चांगलं फटकारलं होतं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात तर लग्नासारखे संबंध असले तरी संरक्षण, निवारा आणि खर्च मागता येतो. ४९८-अ बद्दलही कोर्टानं २००४ मध्ये सांगितलं की लग्न वैध नव्हतं अशी सबब छळ करणाऱ्याला सांगता येणार नाही.

दुसरीचंही विसरू नका. तीही या सगळ्यात बहुधा फसवलेलीच असते. पहिलं लग्न लपवून जिच्याशी लग्न केलं तिला पोटगी नाकारता येणार नाही, असा निकाल २०१३ मध्ये बादशाह विरुद्ध ऊर्मिला गोडसे या महाराष्ट्रातल्याच प्रकरणात झाला. २०११ मध्ये कोर्टानं हेही मान्य केलं की द्विभार्येची तक्रार दुसरी बायकोही करू शकते. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या लग्नात काय काय विधी झाले हे तिच्याइतकं नीट कोण सांगणार? सवती-सवतींनी मिळून साक्ष दिल्याचं मी अजून पाहिलेलं नाही, पण तशी एक दिली तर नवऱ्याची अडचण होईल.

दुसऱ्या लग्नाची कुणकुण लागली तर काय करायचं, हे मंडळाच्या वहीत लिहून ठेवा. जो माणूस तिथं पोचेल त्यानं शेवटपर्यंत थांबायचं, निदान नजरेच्या टप्प्यात. त्याच रात्री लिहून काढायचं: कुठं, किती वाजता, कोण बसलं, अग्नी पेटवला का, कुणी काय म्हटलं, पावलं टाकली का, मंगळसूत्र कधी बांधलं, गुरुजी किंवा जंगम कोण होता. मोबाईलचं चित्रण असेल तर ते ज्याच्या मोबाईलमध्ये आहे त्याचं प्रमाणपत्र वकिलाकडून करून घ्यायचं, मोबाईल विकायचा नाही. साक्षीला जाण्याआधी वकिलाला विचारायचं, आपण होमाचा पुरावा देतो आहोत की रूढीचा? दोन्हींची तयारी निराळी. लोखंडे प्रकरणात हे कुणी विचारलं नव्हतं.

त्या बाईनं पोटगीचा अर्ज माहेरच्या गावच्या कोर्टात केला. बाई जिथं राहते तिथं तो करता येतो. नवऱ्यानं तिथंही म्हणणं दिलं की लग्न विधिवत झालेलंच नाही. या वेळी मामाला बोलावण्याची वेळच आली नाही. मुलींच्या जन्माचे दाखले आणि ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला बघून कोर्टानं अंतरिम पोटगी मंजूर केली. पहिले तीन महिने आली, मग थांबली. आता वसुलीचा अर्ज चालू आहे, पुढची तारीख आहे तेव्हा तुमच्यापैकी दोघी-तिघी तिच्याबरोबर आलात तर बरं होईल. तारीख मी शिबिर संपल्यावर सांगते.